शेजाऱ्याच्या वावरात फवारणीला जाताना

कन्हानकडच्या कपाशीच्या गावांत पाठीवर बॅटरीचा पंप घेऊन शेजाऱ्यांची फवारणी करून देणे हा बऱ्याच तरुणांचा जोडधंदा झाला आहे. धंदा वाईट नाही. मात्र घरधनी आपल्या वावरात एक दिवस फवारतो, तर फवारणारा गडी रोज नव्या वावरात जातो. प्रोफेनोफॉससारख्या औषधांचा अंगावरील परिणाम एका रात्रीत उतरत नाही, तो साचत जातो. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या साली कपाशी पुरुषभर वाढली होती आणि फवारा थेट तोंडावर येत होता.

आता दराचे पाहू. एक एकर वाढलेल्या कपाशीला सुमारे 200 लिटर पाणी धरा. पंप 16 लिटरचा, म्हणजे बारा-तेरा पंप. भरण्यासकट एका पंपाला पाव तास लागला, तर एकराला तीन तासांवर वेळ जातो. समजा पंपामागे 40 रुपये ठरले, तर एकराचे सुमारे 500 होतात. दर पंपावरच ठरवावा. एकरावर ठरवला की घाई होते, पाणी कमी पडते, आणि "औषध थोडं जास्त टाक भाऊ" सुरू होते. पेट्रोलच्या पॉवर पंपाला पाणी कमी लागते, म्हणून त्याच्या टाकीत औषधाचे प्रमाण जास्त असते. तेच प्रमाण बॅटरीच्या पंपात घातले, तर पिकाला आणि माणसाला दोघांनाही मार बसतो. बॅटरीच्या पंपाला हातपंपाचेच प्रमाण घ्यावे.

वेळ सकाळची, दव उतरल्यावर दहा-साडेदहापर्यंत, नाही तर चारनंतर. म्हणजे सकाळी एकच एकर होतो; दुसऱ्याचा हव्यास धरला की भर उन्हात फवारावे लागते. वारा पाठीवर किंवा बाजूला ठेवावा. फवारलेल्या ओळीतून पुढे न जाता, मागे सरत फवारावे. कपाशी डोक्यावर गेली असेल, तर काम सरळ नाकारावे.

तोंडाला बांधलेला रुमाल उपयोगाचा नाही. तो ओला झाला की विषच नाकाशी धरून ठेवतो. मास्क, चष्मा, रबरी हातमोजे, गमबूट आणि पूर्ण बाहीचे कपडे हवेत. विष श्वासापेक्षा कातडीतून जास्त जाते. म्हणून झाकणाचा वायसर आधी पाहावा, साध्या पाण्याने पंप चालवून पाठ कोरडी राहते का ते तपासावे. औषध काठीने ढवळावे, हाताने नव्हे. ही सामग्री पंपाच्या दरातूनच निघाली पाहिजे.

डोळ्यांपुढे धूसर दिसू लागले, लाळ किंवा घाम सुटला, मळमळले, तर काम तिथेच थांबवून कपडे काढावे, साबणाने अंग धुवावे. दवाखान्यात जाताना औषधाची बाटली लेबलासकट सोबत न्यावी. डॉक्टरला उपचार त्यावरून ठरवता येतो.