भाराचा रकाना कुठून येतो?

मेटा-अ‍ॅनालिसिसच्या सारांश-तक्त्यात प्रत्येक अभ्यासापुढे तीन गोष्टी असतात: परिणामाचा आकडा, त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल आणि टक्केवारीत भार. हे तीन रकाने तीन स्वतंत्र ठिकाणांहून गोळा करायचे असतात, अशी समजूत सर्रास आढळते. परिणाम आणि इंटरव्हल मूळ लेखातून उतरवायचे आणि भार रुग्णसंख्येवरून किंवा अभ्यासाच्या दर्जावरून ठरवायचा, असा तिचा अर्थ. प्रत्यक्षात इंटरव्हलची रुंदी आणि निवडलेलं मॉडेल एवढ्यावरच भार ठरतो. हे नीट पाहायचं तर हृदयविकाराच्या झटक्यात शिरेतून मॅग्नेशियम देण्याच्या चाचण्या घ्याव्यात. सात छोट्या चाचण्यांवरून १९९१मध्ये असा निष्कर्ष निघाला होता की या उपायाने मृत्यू जवळपास निम्म्याने घटतात. १९९२च्या लिमिट-२ने त्याला दुजोरा दिला आणि १९९५च्या इसिस-४ने, म्हणजे ५८,०५० रुग्णांच्या चाचणीने, तो खोडून काढला. या नऊपैकी पाच चाचण्या पुढच्या तक्त्यात आहेत. मृत्यूचे आकडे प्रकाशित आहेत. ऑड्स रेशो, इंटरव्हल आणि भार त्यांवरून काढले आहेत, आणि भार नऊही चाचण्या धरून.

| चाचणी | मृत्यू: मॅग्नेशियम | मृत्यू: तुलना-गट | ऑड्स रेशो (९५% इंटरव्हल) | भार %, फिक्स्ड | भार %, रँडम |
|---|---|---|---|---|---|
| स्मिथ, १९८६ | २/२०० | ७/२०० | ०.२७८ (०.०५७–१.३५७) | ०.१ | ५.२ |
| रासमुसेन, १९८६ | ९/१३५ | २३/१३५ | ०.३४८ (०.१५४–०.७८३) | ०.६ | १३.६ |
| शेख्टर, १९९० | १/५९ | ९/५६ | ०.०९० (०.०११–०.७३६) | ०.१ | ३.२ |
| लिमिट-२, १९९२ | ९०/१,१५९ | ११८/१,१५७ | ०.७४१ (०.५५६–०.९८८) | ४.४ | २७.८ |
| इसिस-४, १९९५ | २,२१६/२९,०११ | २,१०३/२९,०३९ | १.०५९ (०.९९६–१.१२७) | ९४.३ | ३२.३ |

पहिला गैरसमज रुग्णसंख्येचा. इसिस-४कडे पाहून तो बळावतो, कारण एकूण रुग्णांतला तिचा वाटा ९४ टक्के आणि फिक्स्ड-इफेक्ट भारही ९४ टक्के. पण वरच्या दोन ओळी शेजारी ठेवा. स्मिथच्या चाचणीत ४०० रुग्ण होते, रासमुसेनच्या चाचणीत २७०, तरीही रासमुसेनचा भार जवळपास चौपट आहे. याचं कारण मृत्यूंच्या संख्येत आहे. ऑड्स रेशोच्या लॉगॅरिदमचा व्हेरियन्स म्हणजे चौकटीतल्या चार आकड्यांच्या व्यस्तांची बेरीज: दोन्ही गटांतले मृत आणि दोन्ही गटांतले वाचलेले. स्मिथच्या बाबतीत ती १/२ + १/१९८ + १/७ + १/१९३, म्हणजे सुमारे ०.६५ येते. रासमुसेनसाठी १/९ + १/१२६ + १/२३ + १/११२ मिळून सुमारे ०.१७. वाचलेल्यांचा त्यात जवळजवळ काहीच हात नाही. सगळा खेळ मृत्यूंच्या लहान आकड्यांचा आहे. भार म्हणजे या व्हेरियन्सचा व्यस्त: एकीकडे सुमारे १.५, दुसरीकडे ५.८. सगळ्या चाचण्यांचे असे भार मिळवून शेकडा प्रमाण काढलं की रकाना तयार होतो. दर्जाचा विचार करूच नये असं नाही. पण तो पूर्वग्रहाच्या वेगळ्या रकान्यात किंवा काही चाचण्या वगळून केलेल्या फेरमोजणीत करावा. दर्जासाठी गुण देऊन ते भारात मिसळले, तर आकडा कशामुळे बदलला हे वाचणाऱ्याला उलगडत नाही.

दुसरा गैरसमज इंटरव्हलच्या आकाराचा. शेख्टरच्या ओळीत ०.०९० हा आकडा ०.०११ आणि ०.७३६ यांच्या मधोमध नाही. त्यांची सरळ सरासरी ०.३७च्या आसपास येते. तक्ता तपासणाऱ्याला इथे छपाईची चूक वाटते, आणि स्टँडर्ड एरर काढणारा सरळ वरची मर्यादा वजा खालची मर्यादा भागिले ३.९२ करून मोकळा होतो. दोघेही चुकतात. गुणोत्तराचं मोजमाप लॉगॅरिदमवर चालतं, आणि तिथे इंटरव्हल दोन्ही बाजूंना सारखा असतो. म्हणून आधी दोन्ही मर्यादांचे लॉगॅरिदम घ्यायचे, त्यांतला फरक ३.९२ने भागायचा, की स्टँडर्ड एरर मिळते. मूळ लेखात ९९ टक्के इंटरव्हल दिला असेल तर भाजक ५.१५ असतो, हे नजरेतून सुटलं तर त्या चाचणीचा भार उगाच घटतो. ओळ बरोबर उतरली आहे का हे पाहायची एक साधी युक्ती आहे: दोन्ही मर्यादांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ काढा, ते परिणामाच्या आकड्याशी जुळलं पाहिजे. शेख्टरसाठी ०.०११ गुणिले ०.७३६चं वर्गमूळ ०.०९० येतं. मात्र मर्यादा दोनच दशांशांत छापली असती, तर ०.०१ आणि ०.७४ यांवरून ०.०८६ आलं असतं, म्हणून लहान गुणोत्तरांना तीन दशांश द्यावेत. फरक याहून मोठा असेल तर उतरवताना चूक झाली असावी, लेखात ऑड्स रेशोऐवजी दुसरंच गुणोत्तर असावं किंवा इंटरव्हल वेगळ्या पद्धतीने काढलेला असावा.

तिसरा गैरसमज सगळ्यांत महाग पडतो: प्रत्येक अभ्यासाचा भार एकच असतो, तो एकदा काढला की झालं. फिक्स्ड-इफेक्ट मॉडेल सगळ्या चाचण्यांमागे एकच खरा परिणाम धरून चालतं. रँडम-इफेक्ट्स मॉडेल चाचण्या एकमेकींपासून खऱ्या अर्थाने किती वेगळ्या आहेत याचा अंदाज घेतं आणि तो आकडा प्रत्येकीच्या व्हेरियन्समध्ये मिळवतं. डरसिमोनियन-लेअर्ड पद्धतीने इथे तो सुमारे ०.१२ येतो. इसिस-४चा स्वतःचा व्हेरियन्स ०.००१ आहे. त्यात ०.१२ मिळवल्यावर तिचं मोठेपण जवळजवळ पुसलं जातं, तर शेख्टरच्या १.१५ला त्याच ०.१२ने फारसा फरक पडत नाही. म्हणून ९४ टक्क्यांचे ३२ होतात. एकत्रित आकडाही पालटतो: फिक्स्डने १.०३ (०.९७–१.१०), रँडमने ०.६८ (०.४६–१.०१). एकाच आकडेवारीतून एक मॉडेल ‘फायदा नाही’ म्हणतं, दुसरं ‘मृत्यू तिसऱ्या हिश्श्याने कमी असावेत’ असं सुचवतं.

यावर आक्षेप येतो की चाचण्या वेगवेगळ्या असतील तर रँडम मॉडेलच प्रामाणिक, त्यात वावगं काय? शिवाय इसिस-४मध्ये मॅग्नेशियम उशिरा दिलं गेलं, असंही तिचे टीकाकार म्हणत होते. आक्षेपात तथ्य आहे, पण रँडम मॉडेलची एक छुपी अट तो विसरतो. फरक दोन्ही दिशांना विखुरलेले असावेत, आकाराशी बांधलेले नसावेत, असं ते मॉडेल गृहीत धरतं. इथे मात्र छोट्या चाचण्यांतल्या बहुतेक एकाच बाजूला झुकल्या आहेत. प्रतिकूल निकालाच्या छोट्या चाचण्या छापल्याच गेल्या नसतील, तर रँडम मॉडेल नेमक्या उरलेल्यांनाच जास्त आवाज देतं. उशिराच्या मुद्द्याचं उत्तर पुढे मॅजिक चाचणीतून आलं. २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ६,२१३ जोखमीचे रुग्ण होते आणि औषध लवकर दिलं गेलं. तीस दिवसांतला मृत्युदर मॅग्नेशियमच्या गटात १५.३ टक्के आणि तुलना-गटात १५.२ टक्के निघाला.

म्हणून तक्ता मांडताना मृत्यू आणि रुग्ण यांचे कच्चे आकडे आधी द्यावेत, परिणाम आणि इंटरव्हल एकाच रकान्यात ठेवावेत, आणि भाराच्या रकान्याच्या डोक्यावर मॉडेलचं नाव लिहावं. दोन मॉडेलांचे निकाल इतके फाकत असतील तर भाराचे दोन रकाने शेजारी छापावेत, चाचण्या वर्षानुसार न लावता आकारानुसार लावाव्यात. वरच्या तक्त्यात तसं केलं तर ऑड्स रेशो ०.०९पासून १.०६पर्यंत कसे चढत जातात हे एका नजरेत दिसतं, स्मिथची ओळ मात्र त्या चढणीत थोडी मागे सरकते.