घरच्या कॉफीसाठी कोणती पूड?
इन्स्टंट कॉफी म्हणजे कॉफीचा वाळवलेला अर्क. ती गाळावी लागत नाही, पण तिचा बराचसा सुगंध कारखान्यातच उडालेला असतो. नवशिक्याला चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पूड जास्त सोयीची. चिकोरी हे भाजलेले मूळ. त्यात कॅफिन नसते, पण डिकॉक्शन त्यामुळे दाट आणि गडद होते, म्हणून दुधातही चव टिकते. 80 टक्के कॉफी, 20 टक्के चिकोरी हे प्रमाण सुरुवातीला बरे. स्टीलच्या फिल्टरमध्ये तीन चमचे पूड हलकी दाबून वर कडकडीत पाणी ओतावे. पंधरा-वीस मिनिटांत डिकॉक्शन खाली उतरते. ते झरझर उतरून पातळ झाले तर पूड जाड किंवा सैल. थेंबच पडेना तर ती फार दाबलेली. ताज्या दळलेल्या बियांचा सुगंध सर्वांत सरस, मात्र दळल्यावर तो लवकर ओसरतो. घरी ग्राइंडर नसेल तर महागड्या बिया घेण्यात फारसा अर्थ नाही.