सह्याद्रीची जंगलतोड, पाऊस आणि कोकणची शेती

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतले बहुतेक जंगल सरकारी नाही, ते लोकांच्या मालकीचे आहे. खोती १९४९ च्या कायद्याने संपली, पण डोंगरउतारावरची राने कुटुंबांच्याच नावावर राहिली. आज एकेका सातबाऱ्यावर दहा-वीस भाऊबंदांची नावे असतात आणि त्यातले निम्मेअधिक मुंबई-पुण्यात राहतात. वाटणी होत नाही आणि रानातून दरवर्षी काही उत्पन्नही येत नाही. मग कधीतरी ठेकेदार येतो, उभ्या रानाचा एकरकमी भाव ठरतो आणि सगळे सह्या करतात. कोकणातल्या जंगलतोडीचे मोठे मूळ या व्यवहारात आहे.

तोड पूर्वीही होत होती. भाजावळीसाठी शेतकरी ऐन-किंजळीची कवळ तोडत, पण बुंधा उभा राही आणि वर्षभरात नवे धुमारे फुटत. मुंबईला कोळसा पुरवणाऱ्या भट्ट्यांनी अधिक नुकसान केले. तरीही पुन्हा तोड होईपर्यंत मध्ये पुरेशी वर्षे जात, त्यामुळे रान सावरत असे. यांत्रिक करवत आणि जेसीबी आल्यावर हा क्रम मोडला. झाड जमिनीलगत कापले जाते, लाकूड काढायला उतारावर रस्ता खोदला जातो आणि सहा-आठ वर्षांत तेच रान पुन्हा विकले जाते. मोठी झाडे बी धरण्याआधीच जातात आणि मागे करवंदी-घाणेरीची झुडपे राहतात. काही ठिकाणी तर धुमाऱ्यांनाही संधी मिळत नाही. तिथे काजू लागतो, दोडामार्गाकडे रबर.

झाडे गेली म्हणून पाऊस कमी झाला, असे सर्रास म्हटले जाते. कोकणापुरते ते फारसे खरे नाही. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीवर आदळून वर चढतात, थंड होतात आणि पाऊस पडतो. डोंगर बोडका झाला तरी तो वाऱ्याला अडवतोच. झाडांचा हातभार लागतो तो वाऱ्याच्या पुढच्या वाटेवर. मुळांनी ओढलेले पाणी पानांतून बाष्प होऊन हवेत जाते आणि दूरवर पुन्हा पडते. मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मोसमी पाऊस ओढ देतो त्या वर्षी तमिळनाडूच्या पावसातील बाष्पाचा ४० टक्क्यांपर्यंतचा वाटा पश्चिम घाटातील जंगलांकडून येतो. म्हणजे तोड इथे झाली तरी पावसातली तूट दुसऱ्याच शेतकऱ्याच्या वाट्याला येऊ शकते.

कोकणच्या शेतकऱ्याचे नुकसान होते ते पाऊस पडून गेल्यावर. एका हेक्टरवर हंगामात ३,००० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी तीन कोटी लिटर भरते. रानात सरीचा मार पाने झेलतात, पालापाचोळ्याचा थर पाणी धरून ठेवतो आणि मुळांच्या वाटांनी ते खाली मुरते. तोडीनंतर पाचोळा वाहून जातो, माती थेंबांच्या माऱ्याने घट्ट बसते आणि पाणी वरच्यावर धावते. मुरणाऱ्या पाण्यात एकूण पावसाच्या दहा टक्क्यांइतकी घट धरली, तरी हेक्टरमागे तीस लाख लिटर पाणी चार महिन्यांतच समुद्राला मिळते. सोबत जाते ती माती, आणि जांभ्यावर तिचा थर मुळातच पातळ असतो.

याचा पहिला फटका वायंगणाला बसतो. दिवाळीनंतर पऱ्यावर दगडमातीचा बंधारा घालायचा, पाट काढायचा आणि खरिपाचे भात निघालेल्या मळ्यात पुन्हा भात किंवा भाजी करायची, ही कोकणची जुनी रीत आहे. तिला पऱ्या निदान मार्चपर्यंत वाहता लागतो. डोंगर तुटला की तो जानेवारीतच क्षीण होतो, भात पोटरीत असताना पाट कोरडा पडतो आणि दोन-तीन वर्षे असे झाले की शेतकरी वायंगण सोडून देतो. पावटा-कुळीथ जमिनीतल्या ओलीवर येतात, त्यामुळे ते काही काळ तग धरतात. खरिपाच्या भाताचे नुकसान वेगळ्या वाटेने होते. उतारावरचा लोंढा बांध फोडतो आणि रोपांवर खडी-रेती आणून टाकतो.

मात्र दोष तोडीचाच आहे की त्या वर्षी पाऊसच कमी झाला, हे एका वर्षाच्या अनुभवावरून ठरत नाही. एक सोपी परीक्षा आहे. शेजारच्या दोन पऱ्यांपैकी एकाच्या माथ्यावर रान आणि दुसऱ्याच्या माथ्यावर तोड असेल, तर दोन्हींची धार तुटल्याची तारीख काही वर्षे ओळीने लिहून ठेवावी. पाऊस दोघांवर जवळपास सारखाच पडतो. तरीही तोडीखालचा पऱ्या दरवर्षी आधी आटत असेल आणि आषाढात त्याचे पाणी अधिक गढूळ येत असेल, तर कारण बहुधा माथ्यावर आहे. खडक आणि उतार दोन्हीकडे सारखेच आहेत ना, एवढे मात्र आधी पाहून घ्यावे लागते.