सरासरी वाढली, मुलं अडली तिथंच

सहावं सेमिस्टर सुरू झालं की इंजिनिअरिंग कॉलेजच्या टीपीओंकडे, म्हणजे ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसरकडे, प्रशिक्षण कंपन्यांचे मेल येऊ लागतात. सातव्या सेमिस्टरला कंपन्या कॅम्पसवर येण्याआधी मुलांना अ‍ॅप्टिट्यूड, कोडिंग आणि मुलाखतीसाठी तयार करून देऊ, असा प्रस्ताव असतो. सोबत ब्रोशर, नामांकित कंपन्यांचे लोगो आणि ‘निकाल सुधारल्याचा’ एक आलेख.

त्या आलेखापाशी थांबावं. समजा, 200 मुलांची आधी चाचणी घेतली, सरासरी आली 48. साठ तासांच्या प्रशिक्षणानंतर ती 56 झाली. छान दिसतं. पण कंपनीचा कटऑफ 60 असेल, आणि तो ओलांडणारी मुलं आधी 50 होती नि आता 54, तर कॉलेजच्या हाती चारच मुलं लागली. बाकीची वाढ मुळात पास होणाऱ्यांच्या किंवा फारच मागे असलेल्यांच्या गुणांत मुरली. खरी मेहनत 45 ते 60 मधल्या मुलांवर हवी होती. सभागृहात सगळ्यांना एकत्र बसवून ती होत नाही.

म्हणून अनुभवी टीपीओ सरासरी विचारतच नाहीत. कटऑफखालची किती मुलं वर आली, दुसरी चाचणी नव्या प्रश्नांवर घेतली का, आणि मधेच गळालेली मुलं हिशेबात धरली का, एवढंच विचारतात. गळालेल्यांना वगळलं की सरासरी आपोआप चढते. पहिल्या मेलमध्ये हे आकडे स्वतःहून देणारी कंपनी क्वचितच भेटते.