एका वाक्याभोवती बांधलेले भाषण

भाषणाचे सारवाक्य म्हणजे श्रोत्याने घरी न्यावे असे एकच पूर्ण विधान; ‘लोकशाही’ हा केवळ विषय होतो, परंतु ‘सामाजिक लोकशाहीचा पाया नसेल तर राजकीय लोकशाही टिकणार नाही’ हे सारवाक्य ठरते, कारण ते नाकारताही येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणाचा उत्तरार्ध या विधानाकडे कसा सरकतो, हे पाहण्यासारखे आहे. सिंधच्या दाहिर राजाच्या सेनापतींनी लाच घेतल्याचा दाखला स्वातंत्र्य आतून गमावले जाते हे दाखवतो. संविधानबाह्य मार्ग आणि राजकारणातील व्यक्तिपूजा यांविषयीचे इशारे त्याच धोक्याची रूपे सांगतात. आणि 26 जानेवारी 1950 पासून मताला समान मूल्य, पण सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता राहील, ही विसंगती मांडताच सारवाक्य सिद्ध होते. पूर्वार्धातील बैठकांची आकडेवारी आणि आभार मात्र या विधानाला हातभार लावत नाहीत. तो प्रसंगाचा शिष्टाचार होता आणि तो आधीच उरकला गेला, हे योग्यच. अंधेरी किंवा मुलुंडच्या वक्तृत्व स्पर्धेतील स्पर्धकाला एवढी सवड नसते. म्हणून प्रत्येक परिच्छेद वगळून पाहावा, आणि सारवाक्य तरीही तितकेच पटत असेल, तर तो परिच्छेद कितीही सुंदर असला तरी काढून टाकावा.