ग्रेसचे पाच गुण आणि दोन प्रोसेसर

‘रिस्क आणि सिस्क यांतील फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न कॉम्प्युटरच्या पेपरांत इतक्या वेळा येतो की बहुतेक मुलांकडे त्याचा तयार तक्ता असतो. एका बाजूला ‘सूचनेची लांबी ठरावीक’, दुसऱ्या बाजूला ‘लांबी बदलती’. एकीकडे ‘रजिस्टर भरपूर’, दुसरीकडे ‘मोजकी’. तक्ता चुकीचा नसतो. पण त्यातला एक मुद्दा मान्य केला की बाकीचे आपोआप मागे येतात, हे त्यातून कळत नाही. म्हणून तो पाठ करावा लागतो आणि पेपरात उजवे-डावे होते.

त्यापेक्षा सी भाषेतली एकच ओळ घेऊ. `m` या यादीत मुलांचे गुण आहेत आणि त्यातल्या एकाला ग्रेसचे पाच गुण द्यायचे आहेत.

```c
m[i+2] += 5;
```

लॅपटॉपमधल्या इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरसाठी, म्हणजे सिस्क घराण्यातल्या एक्स-८६ साठी, कंपायलर या ओळीची एकच सूचना करतो:

```
add dword ptr [rdi+rsi*4+8], 5
```

यादीचा पत्ता `rdi` या रजिस्टरमध्ये आहे आणि `i` ची किंमत `rsi` मध्ये. प्रत्येक आकडा चार बाइटांचा असल्याने `i` ला चारने गुणायचे, दोन घरे पुढे जायचे म्हणून आठ मिळवायचे, त्या पत्त्यावरचे गुण वाचायचे, पाच वाढवायचे आणि तिथेच परत लिहायचे, एवढे काम या एका सूचनेत बसले आहे. मेमरीत ती पाच बाइट घेते: `83 44 B7 08 05`. शेवटचा `05` म्हणजे आपले ग्रेसचे गुण.

हेच काम रिस्क घराण्यातल्या ६४ बिटांच्या रिस्क-व्ही प्रोसेसरला सांगायचे तर पाच सूचना लागतात:

```
slli t0, a1, 2
add  t0, t0, a0
lw   t1, 8(t0)
addi t1, t1, 5
sw   t1, 8(t0)
```

पहिल्या सूचनेत `i` दोन बिट डावीकडे सरकतो, म्हणजे त्याची चौपट होते. दुसरीत यादीचा पत्ता मिळवला जातो. तिसरी गुण रजिस्टरमध्ये आणते, चौथी पाच वाढवते, पाचवी परत ठेवते. प्रत्येक सूचना चार बाइटांची, एकूण वीस. जागेच्या हिशेबात इथे सिस्क सरळ जिंकते. मेमरी महाग होती त्या काळात प्रोसेसर तसे बनले, याचे हे एक मोठे कारण.

मग रिस्कवाल्यांना काय मिळाले? सूचनेची लांबी पाहा. ग्रेसऐवजी पाच हजार मिळवायचे असते तर एक्स-८६ ची तीच सूचना आठ बाइटांची झाली असती. या घराण्यात सूचना एका बाइटापासून पंधरा बाइटांपर्यंत असू शकते. त्यामुळे पहिली सूचना कुठे संपते हे उलगडल्याशिवाय दुसरी कुठे सुरू होते हे कळत नाही. रिस्कमध्ये सोळा बाइट आणले की त्यात चार सूचना आहेत आणि त्या कुठे सुरू होतात हे आधीच ठाऊक असते. चारही एकदम उलगडायला घेता येतात. याची किंमतही आहे. चार बाइटांत सूचनेचे नाव, रजिस्टरांचे क्रमांक आणि आकडा हे सगळे बसवायचे, म्हणून `addi` मध्ये -२०४८ ते २०४७ एवढाच आकडा मावतो. पाच हजारांसाठी रिस्क-व्हीला तो आकडा आधी दोन सूचनांनी रजिस्टरमध्ये तयार करावा लागतो.

पत्ता काढण्याच्या पद्धतींचा, म्हणजे ॲड्रेसिंग मोडचा मुद्दा यातूनच निघतो. `[rdi+rsi*4+8]` असा लांबलचक पत्ता लिहायला रिस्क-व्हीच्या चार बाइटांत जागाच ठेवलेली नाही. तिथे मेमरीकडे जाणारी साधी सूचना एक रजिस्टर आणि एक छोटा आकडा एवढ्यावरच पत्ता काढते, आणि मेमरीला हात लावण्याचा अधिकार फक्त `lw`, `sw` यांसारख्या लोड-स्टोअर सूचनांना. बेरीज रजिस्टरांतच होणार. परीक्षक ‘लोड-स्टोअर आर्किटेक्चर’ हे शब्द शोधतात ते इथे.

आता बेरीज रजिस्टरांतच करायची तर रजिस्टर जास्त हवीतच. वरच्या उदाहरणात एक्स-८६ ला एकही जादा रजिस्टर लागले नाही. रिस्क-व्हीला `t0` आणि `t1` ही दोन लागली. म्हणून रिस्क-व्हीत बत्तीस रजिस्टर आहेत, त्यांतले एक कायम शून्य. १९७८ च्या ८०८६ मध्ये आठ सामान्य रजिस्टर होती. ६४ बिटांच्या एक्स-८६ मध्ये ती बरीच वर्षे सोळा राहिली.

राहिला कंपायलर, आणि खरी गंमत इथेच आहे. समजा, सगळ्याच मुलांना पाच गुण द्यायचे आहेत. चांगला कंपायलर पत्ता काढण्याच्या पहिल्या दोन सूचना लूपच्या बाहेर नेतो, कारण पुढचा पत्ता नुसता चारने वाढतो. शिवाय साध्या पाइपलाइनमध्ये `lw` ने मागवलेला आकडा लगेच पुढच्या सूचनेला मिळत नाही. तिथे एक फेरी फुकट जाते. कंपायलर त्या फटीत दुसरे काम घालतो:

```
lw   t1, 8(t0)
addi t0, t0, 4
addi t1, t1, 5
sw   t1, 4(t0)
```

शेवटच्या ओळीत आठाचे चार झाले, कारण `t0` आधीच चार पुढे गेला आहे. हे भान ठेवणे, सूचनांचा क्रम लावणे, कुठली किंमत कुठल्या रजिस्टरमध्ये ठेवायची ते ठरवणे हे सगळे कंपायलरच्या माथी. स्टॅनफर्डच्या पहिल्या मिप्स प्रोसेसरमध्ये तर अशी फट सांभाळणारी यंत्रणाच हार्डवेअरमध्ये नव्हती. घालायला काम नसेल तर कंपायलरने रिकामी सूचना टाकायची. विसरला तर उत्तर चुकायचे.

म्हणजे सिस्कचा कंपायलर निवांत, असे मात्र नाही. पुस्तके हे फार सोपे करून सांगतात, असे माझे मत आहे. डीईसीच्या व्हॅक्समध्ये यादीतल्या घराचा पत्ता काढणारी `INDEX` नावाची खास सूचना होती. डेव्हिड पॅटरसन आणि डेव्हिड डिट्झेल यांनी १९८० साली दाखवून दिले की व्हॅक्स-११/७८० वर तेच काम साध्या सूचनांनी अधिक लवकर होते. भारी सूचना असणे वेगळे, ती कधी वापरावी हे कंपायलरला ठरवता येणे वेगळे. आयबीएमच्या ८०१ प्रकल्पात जॉन कॉक यांनी सत्तरच्या दशकातच चांगला कंपायलर गृहीत धरून साधा प्रोसेसर आखला होता.

आज ही सीमा पुसट झाली आहे. इंटेलच्या १९९५ च्या पेंटियम प्रोपासून एक्स-८६ ची अवघड सूचना आत गेल्यावर छोट्या, रिस्कसारख्या तुकड्यांत फोडली जाते. उलट रिस्क-व्हीने जागा वाचवण्यासाठी दोन बाइटांच्या सूचनांची ऐच्छिक सोय ठेवली. म्हणून ‘रिस्कमध्ये सूचना नेहमी एकाच लांबीच्या’ असे ठोकून लिहू नका. ‘मूळ संचात ठरावीक’ असे लिहा. ‘एका क्लॉकमध्ये एक सूचना’ हेही तसेच: प्रत्येक क्लॉकला एक सूचना पूर्ण व्हावी हा रिस्कचा हेतू असतो, एकेक सूचना पाइपलाइनमधून जायला अनेक क्लॉक घेतेच.

पेपरात तक्ता काढा, पण त्याखाली वरच्यासारखे एक उदाहरण दोन्ही बाजूंनी लिहा. लिनक्स असलेला संगणक हाताशी असेल तर ही ओळ एका छोट्या फंक्शनमध्ये टाकून पडताळता येईल:

```
gcc -O2 -c gun.c
objdump -d gun.o
```

इंटेल किंवा एएमडीवर पाच बाइटांची सूचना दिसेल, मांडणी थोडी वेगळी असली तरी. रास्पबेरी पायवर ६४ बिटांची लिनक्स असेल तर त्याच्या आर्म प्रोसेसरसाठी प्रत्येक सूचना चार बाइटांचीच निघेल.