न जुळवलेल्या सौद्याची दलाली

फ्लॅट विकायला काढला की मालक सहसा दोन-तीन एजंटांच्या कानावर घालतो. त्यांतला एखादा चार-दोन पार्ट्या आणतो, पण कुणाशी भाव जमत नाही. पुढे फ्लॅट भलत्याच ओळखीतून विकला जातो. खरेदीखत झाल्याचे कळले की त्या एजंटाचा मेसेज येतो, ‘आमची दलाली राहिली आहे.’ या मागणीला काय उत्तर द्यायचे, हे एका प्रश्नावर ठरते: ज्याने घर घेतले तो खरेदीदार मालकापर्यंत कोणामुळे पोहोचला?

भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम २१९ इथे लागू पडते. वेगळा करार नसेल, तर सोपवलेले काम पूर्ण होईपर्यंत एजंटाचा मोबदला देय होत नाही, असे हे कलम सांगते. घर दाखवायला नेणे, फोटो पाठवणे, फोन करणे हे कामातले टप्पे आहेत. त्यांत एजंटाचा वेळ जातो, पेट्रोल जाते, हे खरेच. पण दलाली ही फेऱ्यांची मजुरी नसते. ती सौदा जुळवल्याबद्दल असते, आणि म्हणूनच ती विक्रीच्या किमतीवर टक्क्याने ठरते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पुण्यात कोथरूडमधल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटची मालकाची अपेक्षा ९५ लाखांची आहे. मार्च महिन्यात एजंट दोन कुटुंबांना फ्लॅट दाखवतो. एक कुटुंब परत फिरकत नाही, दुसरे ८२ लाख देऊ करते आणि मालक नकार देतो. त्यानंतर एजंटाकडून काहीच हालचाल होत नाही. जुलैमध्ये त्याच सोसायटीतल्या शेजाऱ्यांचे नातेवाईक ९० लाखांना फ्लॅट घेतात. ऑगस्टमध्ये एजंट एक टक्क्याप्रमाणे ९०,००० रुपये मागतो. लेखी करार नाही. ‘विकला तर एक टक्का’ एवढेच तोंडी बोलणे झाले होते. तोंडी करारही कायद्याने करारच असतो, त्यामुळे ‘लेखी काही नव्हते’ एवढ्यावर उत्तर टेकवणे चुकीचे ठरेल. मालकाची बाजू भक्कम होते ती दुसऱ्याच गोष्टीमुळे: एजंटाने आणलेली माणसे वेगळी आणि घर घेणारी माणसे वेगळी.

आता याच गोष्टीत थोडा बदल करू. ८२ लाख देऊ करणारे कुटुंबच जुलैमध्ये थेट मालकाकडे आले आणि एजंटाला न कळवता ८८ लाखांना सौदा झाला. इथे मालकाने दलाली नाकारणे योग्य नाही, आणि न्यायालयात ते बहुधा टिकणारही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५० साली अब्दुल्ला अहमद विरुद्ध अनिमेंद्र किसन मित्तर या कलकत्त्याच्या मिळकतीच्या खटल्यात दलालाचा हक्क मान्य केला. तिथे दलालाने आणलेल्या खरेदीदारांच्याच माणसाला मालकाने मिळकत परस्पर विकली होती. खरेदीदाराचे नाव बदलले किंवा एजंटाला मधून वगळले, म्हणून त्याने केलेले काम पुसले जात नाही. पत्नीच्या, भावाच्या किंवा कंपनीच्या नावे खरेदी झाली असेल तेव्हा मालकाने उत्तर लिहिण्याआधी हे स्वतःशी नीट तपासून घ्यावे.

तिसरी शक्यता करारातल्या कलमाची असते. काही एजंट विक्रीचे काम फक्त आपल्याकडेच राहील असे लेखी घेतात. मुदतीत घर कुणीही विकले तरी दलाली लागेल, किंवा मुदत संपल्यावर काही महिन्यांत एजंटाने दाखवलेल्या पार्टीने घर घेतले तरी लागेल, अशी अट त्यात असू शकते. कलम २१९ मधला वेगळ्या कराराचा अपवाद तो हाच. अशा कागदावर सही झाली असेल तर आधी त्यातली मुदत आणि तिची तारीख पाहावी लागते.

हे तिन्ही तपासून मागणी गैरलागू वाटली, तर उत्तर थोडक्यात आणि तारखांसह द्यावे. वरच्या पहिल्या उदाहरणात ते असे असेल:

‘स. न. वि. वि. ९०,००० रुपये दलालीची मागणी करणारा आपला ५ ऑगस्टचा मेसेज मिळाला. ही मागणी मला मान्य नाही. आपण मार्च महिन्यात दोन कुटुंबांना फ्लॅट दाखवला. त्यांपैकी कोणाशीही व्यवहार झाला नाही. ज्यांनी फ्लॅट घेतला ते आपल्यामार्फत आलेले नाहीत. त्यांच्या भेटीत, भाव ठरवण्यात किंवा कागदपत्रांत आपला सहभाग नव्हता. आपले म्हणणे वेगळे असल्यास खरेदीदाराची व माझी भेट आपण केव्हा घडवून आणली, त्याचा पुरावा आणि आपण ज्या कराराच्या आधारे रक्कम मागता त्याची प्रत पाठवावी. आपल्याकडील फ्लॅटची चावी व कागदपत्रे सात दिवसांत परत करावीत. माझे सर्व कायदेशीर हक्क राखून हे उत्तर देत आहे.’

या पत्रात एजंटाने घर दाखवल्याचे मोकळेपणाने मान्य केले आहे. ‘मी आपल्याला ओळखतही नाही’ असे लिहिले आणि मोबाइलमध्ये मार्चचे संभाषण निघाले, तर मालकाच्या बाकीच्या म्हणण्यावरचाही विश्वास उडतो. उलट टोकाची चूक आणखी महागात पडते. वाद नको म्हणून ‘थोडे काहीतरी देतो, जरा थांबा’ असा मेसेज गेला, की तो देणे कबूल केल्याचा पुरावा म्हणून पुढे ठेवला जाऊ शकतो. एजंटाच्या श्रमांबद्दल स्वखुशीने काही द्यायचेच असेल, तर दलाली देय नसताना केवळ सद्भावनेने ही रक्कम देत आहे आणि यापुढे कोणतीही मागणी उरलेली नाही, असे लिहून त्यावर एजंटाची सही घ्यावी.

चावीचा उल्लेखही मुद्दाम केलेला आहे. करार कायद्याच्या कलम २२१ नुसार एजंटाला आपले देणे मिळेपर्यंत मालकाकडून आलेले कागद व वस्तू अडवून ठेवता येतात. मात्र दलाली मुळात देयच झाली नसेल, तर अडवून ठेवायला आधारच राहत नाही. ‘रेरामध्ये तक्रार करू’ अशी धमकीही काही वेळा दिली जाते. २०१६ च्या रेरा कायद्यातली एजंटांची नोंदणी ही नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीसाठी आहे. जुन्या सोसायटीतल्या फ्लॅटच्या पुनर्विक्रीच्या दलालीचा वाद सहसा दिवाणी न्यायालयाचा असतो.

उत्तर मेसेजवर पाठवले तरी तेच स्पीड पोस्टानेही पाठवावे आणि पोच जपावी. एजंटाने वकिलामार्फत नोटीस दिली असेल तर उत्तरही वकिलाकडूनच जाऊ द्यावे. नोटिशीला गप्प राहिल्याने मालक आपोआप हरत नाही, पण पुढे खटला झाला तर तेव्हाच का कळवले नाही, हा प्रश्न विचारला जातो.

मालकाचे म्हणणे शाबित होते ते मार्च ते जुलैमधल्या कागदांवरून. एजंटाशी झालेले संपूर्ण संभाषण, शेजाऱ्यांनी नातेवाइकांचा नंबर दिल्याचा मेसेज, विसार पावती, बँकेतून आलेल्या टोकनच्या रकमेची नोंद आणि खरेदीदाराचे नाव व तारीख दाखवणारी इंडेक्स दोनची प्रत एकत्र ठेवावी. मोबाइल बदलताना जुने संभाषण पुसले जाणार नाही, याची काळजी घ्यावी. अशा पैशांच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. तोपर्यंत ही फाइल टाकून देऊ नये.